जुना नकाशा अस्सल की प्रतिकृती? आधी काळी रेषा पाहा, रंग सर्वांत शेवटी

जुना नकाशा घ्यायला निघालेला नवखा माणूस सर्वांत आधी रंग पाहतो. हिरवा विटलाय, कडा पिवळ्या पडल्यात, म्हणजे जुना असणार, असं त्याला वाटतं. हा क्रम उलटा आहे. रंग कोणीही, कधीही, कशावरही लावू शकतो. विसाव्या शतकात छापलेल्या प्रतिकृतींवर हाताने रंग भरण्याचं काम सर्रास झालं आहे, आणि साडेतीनशे वर्षं जुन्या अस्सल नकाशावरचा रंग गेल्या महिन्यातलाही असू शकतो. जुना कोरा कागदही प्रयत्न केला तर मिळतो. नक्कल करायला सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे छापलेली काळी रेषा. म्हणून तपासणी रेषेपासून सुरू करायची, मग कागदाकडे वळायचं आणि रंगाचा विचार अगदी शेवटी करायचा.

हा लेख एकाच प्रकारच्या नकाशांबद्दल आहे: साधारण 1570 ते 1800 या काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि बहुतेक करून अ‍ॅटलासमधून सुटे झालेले नकाशे. ओर्टेलियस, मर्केटर, ब्लाव, स्पीड ही नावं ज्यांवर दिसतात ते सगळे यात येतात. लाकडी ठशावरून छापलेल्या किंवा एकोणिसाव्या शतकातल्या दगडी छपाईच्या नकाशांना इथले निकष जसेच्या तसे लावू नका, त्यांची रेषा मुळातच वेगळी असते.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. बहुतेक प्रतिकृती फसवणुकीसाठी बनलेल्या नाहीत. प्रकाशकांनी त्या भेटवस्तू म्हणून, भिंतीवर लावायला किंवा अभ्यासासाठी छापल्या आणि खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलंही. पुढे ती कड चौकटीत दडली किंवा कापली गेली, नकाशा दोन-तीन हातांतून फिरला आणि विकणाऱ्यालाही तो खराच वाटू लागला. त्यामुळे विकणारा प्रामाणिक आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवून फक्त कागद काय सांगतो ते पाहायचं.

तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, मिलिमीटरची पट्टी आणि 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च एवढं साहित्य पुरतं. नकाशा चौकटीतून बाहेर काढल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. काचेआडून रेषेचा उठाव दिसत नाही आणि मागची बाजू तर मुळीच दिसत नाही. चौकट उघडू न देणाऱ्याकडून मोठ्या किमतीचा नकाशा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हात कोरडे ठेवा. ओलं बोट घासून शाई किंवा रंग निघतो का ते पाहू नका: त्यातून काही सिद्ध होत नाही, नुकसान मात्र होतं.

पहिली पायरी: रेषा

भिंगातून नेमकं काय शोधायचं हे कळण्यासाठी रेषा कशी तयार झाली ते समजून घ्यावं लागतं. कोरणारा कारागीर ब्यूरिन नावाची पोलादी कोरणी तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यात ढकलत पुढे न्यायचा. कोरणीचं टोक तिरकस कापलेलं असल्याने खाली निमुळती होत जाणारी चर पडते. कोरणी आत शिरताना चर उथळ आणि बारीक असते, मध्ये दाब वाढतो तशी ती खोल आणि रुंद होते, बाहेर पडताना पुन्हा बारीक होते. मग सगळ्या पत्र्याला शाई फासायची, वरचा भाग पुसून काढायचा, शाई फक्त चरांमध्ये उरू द्यायची. त्यावर ओलसर कागद आणि लोकरीचं कापड ठेवून सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. ओला कागद चरीत शिरतो आणि शाई उचलून घेतो. त्यामुळे वाळल्यावर शाईची रेषा कागदाच्या पृष्ठभागावर किंचित उभी राहते.

यातून तीन गोष्टी मिळतात, आणि तिन्ही दहापट भिंगाखाली दिसतात. पहिली म्हणजे डोंगरांच्या सावलीच्या किंवा समुद्रकिनाऱ्याच्या आडव्या रेघांची टोकं पाहा. अस्सल छपाईत ती सुईसारखी निमुळती होत संपतात, आणि एकच रेघ मध्ये जाड व शेवटी बारीक असते. दुसरी, खोलीतला उजेड कमी करून टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. जाड रेषा, विशेषतः चौकटीच्या आणि मोठ्या अक्षरांच्या, कागदावर उठून दिसतील आणि त्यांची पुसटशी सावली पडेल. तिसरी गोष्ट नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही, पण मला ती सर्वांत भरवशाची वाटते. अक्षरं सरळ ओळीत यावीत म्हणून कारागीर आधी पत्र्यावर अतिशय बारीक मार्गदर्शक ओरखडे मारून घ्यायचा. पुढे ते घासून काढायचे असत, पण पुष्कळदा पूर्ण जात नसत. गावांच्या किंवा समुद्रांच्या नावांच्या वर-खाली केसाहून बारीक, फिकट, अखंड रेघ दिसली तर ती बहुधा हीच. छायाचित्रावरून केलेल्या प्रतिकृतीत ही रेघ एकतर नाहीशी होते किंवा तुटक ठिपक्यांत बदलते.

आता प्रतिकृतीत काय दिसतं ते पाहू. नेहमीच्या ऑफसेट छपाईत रंग आणि छटा निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांच्या नियमित जाळीतून तयार होतात. भिंगाखाली ही जाळी क्षणात कळते आणि प्रश्न तिथेच संपतो. इंकजेटच्या छपाईत ठिपके विखुरलेले असतात आणि रेषेच्या कडा धूसर, फुटलेल्या दिसतात. कोलोटाइप या जुन्या आणि उत्तम छपाईत नियमित जाळी नसते, पण भिंगाखाली बारीक, वळवळता, सुरकुत्यांसारखा पोत दिसतो.

अडचण येते ती काळ्या रेषेचं छायाचित्र घेऊन जाळीशिवाय, निव्वळ काळ्या शाईत छापलेल्या प्रतिकृतीत. तिथे ठिपके नसतातच. म्हणून 'ठिपके नाहीत, तेव्हा अस्सल' हा निष्कर्ष चूक आहे. अशा वेळी रेषेचा सपाटपणा पाहायचा. सगळ्या रेषांचा काळेपणा एकसारखा असतो, शाईला उठाव नसतो, अगदी बारीक रेघा मध्येच तुटलेल्या असतात, आणि जिथे रेघा दाटीने एकमेकींना छेदतात तिथे मधल्या पांढऱ्या फटी भरून जाऊन काळे डाग तयार झालेले असतात. अस्सल छपाईत त्या फटी अगदी बारीक असूनही मोकळ्या दिसतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फिकी आणि कमजोर रेषा दिसली म्हणून नकाशा नकली ठरत नाही. तांबं मऊ असतं. शेकडो प्रती काढल्यावर बारीक चरी झिजतात आणि उशिराच्या प्रती करड्या, थकलेल्या दिसतात. पण झिजलेल्या पत्र्याची रेषा हळूहळू विरत जाते, छायाचित्रातून आलेली रेषा दातेरी होऊन तुटते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की बसला. त्यासाठी खात्रीच्या अस्सल नकाशाचा एखादा स्वस्त, फाटका तुकडा जवळ ठेवा आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी ताडून पाहा.

दुसरी पायरी: पत्र्याचा ठसा

रुळांच्या दाबामुळे पत्र्याची कड कागदात रुतते. छापील चौकटीच्या बाहेर, काही मिलिमीटरवर, चारी बाजूंनी आयताकृती खोलगट कड दिसते. तिलाच प्लेटमार्क म्हणतात. मागून बोट हलकेच फिरवलं तर तिचा उंचवटा जाणवतो. कोपरे बहुधा गोलसर असतात आणि पत्र्याच्या काठावर राहून गेलेल्या शाईची पुसट मळकट रेघही कधी कधी सापडते.

ठसा नसला तर समास कापले गेले असतील का, ते पाहा. ठसा असला तरी हुरळून जाऊ नका. कोरा पत्रा दाबून ठसा खोटा उठवता येतो. असा ठसा चारी बाजूंनी यांत्रिकपणे सारखा असतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आतल्या रेषा सपाटच राहतात. ठसा आहे पण रेषेला उठाव नाही, ही जोडी मोठ्या संशयाची. फोटोग्राव्युअर नावाच्या पद्धतीत मात्र ठसाही खरा असतो आणि शाईलाही उठाव असतो, कारण ती छपाईसुद्धा तांब्याच्या पत्र्यावरूनच होते. तिथे पुन्हा भिंगच कामी येतं: रेषेच्या कडा कोरणीने कापल्यासारख्या स्वच्छ न दिसता बारीक दाण्यांनी खरबरीत झालेल्या असतात.

तिसरी पायरी: कागद

नकाशा खिडकीसमोर धरा. या काळातला बहुतेक कागद चिंध्यांच्या लगद्यापासून, तारांच्या साच्यावर हाताने काढलेला असे. साच्यातल्या जवळजवळ बसवलेल्या बारीक तारांच्या दाट रेघा आणि त्यांना काटकोनात, साधारण 2 ते 3 सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा प्रकाशात दिसतात. पूर्ण ताव मध्ये घडी घालून अ‍ॅटलासमध्ये बांधलेला असेल, तर या ठळक रेघा मधल्या घडीला समांतर जातात, आणि जलचिन्ह असलंच तर बहुधा तावाच्या एका अर्ध्या भागाच्या मध्याजवळ असतं. प्रतिकृतीच्या कागदावर या रेघा उठवता येतात, पण कागद हवा तसा कापून घेतल्यामुळे त्या पुष्कळदा घडीला आडव्या येतात. अस्सल जुन्या कागदात ठळक रेघांच्या दोन्ही बाजूंना लगदा थोडा जास्त साचून गडद सावली पडलेली असते. यंत्रावर रेघा दाबून केलेल्या कागदात ही सावली नसते आणि सगळं फार नीटनेटकं दिसतं.

रेघा मुळीच नसलेला, एकसंध दिसणारा कागद असेल तर सांगितलेलं साल पाहा. असा कागद इंग्रज मुद्रक बास्करव्हिल याने 1757 साली छापलेल्या रोमन कवी व्हर्जिलच्या ग्रंथात वापरला गेला आणि नकाशांसाठी सर्रास वापरात यायला अठरावं शतक संपत आलं. तेव्हा 1640चा म्हणून दाखवलेला नकाशा अशा कागदावर असेल तर पुढे तपासायची गरज नाही. 1800च्या आसपासच्या नकाशाबाबत मात्र तोच कागद अगदी स्वाभाविक आहे.

अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत वापरा आणि तिच्या झोताकडे थेट पाहू नका. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून 1950च्या सुमारापासून त्यात मिसळली जाणारी रसायनं या प्रकाशात झगझगीत निळसर-पांढरी चमकतात. जुना चिंध्यांचा कागद मंद, पिवळसर किंवा मळकट दिसतो. पूर्ण ताव चमकला तर उत्तर मिळालं. फक्त मागची एखादी पट्टी चमकली तर ती नंतरच्या दुरुस्तीची असू शकते. काहीच चमकलं नाही तर एवढंच कळतं की या रसायनांचा पुरावा नाही, कारण 1950पूर्वीच्या प्रतिकृतीही चमकत नाहीत आणि आजही अशी रसायनं नसलेला कागद बनतो.

कागदाचं जुनेपण कृत्रिमही असू शकतं. चहा किंवा तत्सम काढ्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी होतो आणि फाटलेल्या कडेच्या आतल्या तंतूंपर्यंत रंग गेलेला असतो. खरं जुनेपण असमान असतं: हाताळलेला खालचा कोपरा मळलेला, हवा लागलेल्या कडा गडद, घडीजवळ झीज.

मागची बाजू

हिला मी वेगळी जागा देतो, कारण चटकन निकाल बऱ्याचदा इथेच लागतो. ओर्टेलियस, ब्लाव, स्पीड यांच्या अ‍ॅटलासमध्ये नकाशाच्या पाठीवर त्या प्रदेशाचं वर्णन छापलेलं असे, आवृत्तीनुसार लॅटिन, डच, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा भाषांत. प्रतिकृतींची पाठ बहुतेक वेळा कोरी असते. सुट्या विकलेल्या काही अस्सल नकाशांची पाठही कोरी असते, म्हणून कोरेपणावरून निकाल देऊ नका. मजकूर असेल तर तो धातूच्या खिळ्यांनी छापलेला असणार, म्हणजे अक्षरांचा हलका दाब दुसऱ्या बाजूला जाणवायला हवा.

समोरच्या बाजूला एक खास खूण शोधा. मूळ प्रतीचं छायाचित्र घेताना पाठीवरच्या मजकुराची पुसट छाया, वाळवीची भोकं, डाग, घडीची भेग हे सगळंच टिपलं जातं आणि प्रतिकृतीत छापलं जातं. समुद्राच्या मोकळ्या जागेत उलट्या अक्षरांची छाया दिसते आणि पाठ मात्र कोरी आहे, असं असेल तर आणखी पुरावा नको. तसंच भोक दिसतंय पण बोटाला लागत नाही, भेग दिसतेय पण कागद सलग आहे, डाग भिंगाखाली ठिपक्यांचा बनलेला आहे, या सगळ्याचा अर्थ एकच.

शेवटची पायरी: रंग

हाताने लावलेला रंग भिंगाखाली सलग दिसतो. कुंचला थांबला तिथे रंग साचून कड गडद झालेली असते, सीमारेषेच्या इकडे-तिकडे तो थोडा सांडलेला असतो, आणि एकाच प्रदेशात छटा कमी-जास्त असते. ठिपके दिसले तर रंग छापलेला आहे.

रंग हाताचा आहे एवढं कळल्यावर तो कधीचा, हा प्रश्न उरतो. सर्वांत उपयोगी असतो हिरवा. जुना हिरवा पुष्कळदा तांब्यापासून बनवलेला असे आणि तो वर्षानुवर्षं कागदाला खात राहतो. ताव उलटा करा: हिरव्या पट्ट्यांच्या नेमक्या मागे तपकिरी छाया उमटलेली दिसली तर रंग जुना असण्याची शक्यता बरीच वाढते. काही ठिकाणी तिथला कागद इतका ठिसूळ झालेला असतो की त्याच रेषेवर तडकतो, म्हणून असा नकाशा घडी घालू नका. ही छाया नसली तरी रंग नवाच असं मात्र नाही, कारण सगळे हिरवे तांब्याचे नसत.

उशिरा लावलेला रंग आणखी एका ठिकाणी उघडा पडतो. तो आधीच झिजलेल्या घडीच्या भेगेत शिरून तिथे गडद होतो, किंवा दुरुस्तीच्या पट्टीवरूनही बिनदिक्कत पुढे जातो. मूळ रंग असता तर तो भेग पडण्याआधीचा असता आणि भेगेत पांढरे तंतू दिसले असते. नवा रंग लावलेला अस्सल नकाशा अस्सलच राहतो. किंमत ठरवताना मात्र हा फरक विकणाऱ्याने सांगायला हवा.

एक उदाहरण

विलेम ब्लावचा जगाचा नकाशा घेऊ. तो पहिल्यांदा 1606मध्ये निघाला आणि 1630च्या दशकापासून ब्लावच्या अ‍ॅटलासमध्ये येत राहिला. वर सूर्य, चंद्र आणि ग्रह, डावीकडे चार तत्त्वं, उजवीकडे चार ऋतू आणि खाली प्राचीन जगातली सात आश्चर्यं, अशी त्याची चौकट आहे. इतका देखणा असल्यामुळेच त्याच्या प्रतिकृती अमाप आहेत. समजा असा एक ताव समोर आला: कुंचल्याने भरलेला सुंदर रंग, रेघांचा कागद, चारी बाजूंनी ठसा.

आधी माप घ्या. मूळ छपाई साधारण 41 बाय 54 सेंटिमीटरची आहे. ओला कागद वाळताना आकसतो, म्हणून काही मिलिमीटरचा फरक अस्सल प्रतींमध्येही असतो. हा ताव 35 बाय 46 भरला असता तर काम तिथेच संपलं असतं, पण तो बरोबर मापाचा निघाला. मग भिंग खालच्या पट्टीवर, सात आश्चर्यांवर आणा. इमारतींच्या सावलीतल्या रेघा एकमेकींत मिसळून काळ्या झाल्यात, आणि त्यांची टोकं निमुळती होण्याऐवजी बोथट संपतात. बाजूच्या प्रकाशात अक्षरांना उठाव नाही. ठसा आहे, पण आतली रेषा सपाट. उजेडासमोर धरल्यावर कागदाच्या ठळक रेघा घडीला आडव्या जातात. पाठ कोरी आहे, आणि दक्षिणेकडच्या मोकळ्या भागात मात्र उलट्या ओळींची करडी छाया छापलेली दिसते. अतिनील प्रकाशात पूर्ण ताव निळसर चमकतो.

म्हणजे ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची प्रतिकृती, जिच्यावर नंतर खऱ्या कुंचल्याने रंग भरला गेला. रंगापासून सुरुवात केली असती तर ती पहिल्या फेरीत पास झाली असती. खालची कड उजेडात बारकाईने पाहा: प्रकाशकाची ओळ खरवडली असेल तर तिथे कागद पातळ होऊन प्रकाश जास्त येतो.

तरीही अडलात तर

मूळ पत्रा टिकून राहिला आणि त्यावरून शंभर-दोनशे वर्षांनी पुन्हा छपाई झाली, तर रेषा, उठाव आणि ठसा सगळं खरंच असतं. तिथे रेषेची परीक्षा अपुरी पडते आणि भिस्त कागदावरच ठेवावी लागते. अशा वेळी कागदाचा काळ आणि नकाशाचा काळ जुळत नाही, एवढंच हाती लागतं.

फक्त छायाचित्रांवरून घ्यायचं असेल तर विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: एका कोपऱ्यातल्या अक्षरांचा अगदी जवळून, पूर्ण पाठीचा, उजेडासमोर धरलेल्या तावाचा आणि बाजूने प्रकाश टाकलेल्या ठशाचा. त्यानंतर जुन्या नकाशांच्या डेव्हिड रम्झी संग्रहासारख्या, मोठ्या आकारात स्कॅन मोफत दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच नकाशाची प्रत शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कोरलेल्या रेषा जुळणारच, त्यातून काही कळत नाही. तुलना करायची ती डागांची, रंग सीमेबाहेर सांडलेल्या जागांची, घडीवरच्या चिरांची. प्रत्येक अस्सल प्रतीचे डाग तिचे स्वतःचे असतात. समोरच्या तावावरचा एखादा डाग ग्रंथालयातल्या प्रतीवरच्या डागाशी तंतोतंत जुळला, तर तुमच्यासमोर त्या प्रतीचं छायाचित्र आहे.